डावं बटण

तीन नंबरच्या प्रेसचा एक ठोका मऊ वाजला.

अठरा वर्षं त्याच शेडमध्ये काढलेल्या माणसाला तेवढं पुरे असतं. यज्ञेश्वर पाध्ये, डब्यांच्या कारखान्यातले फोरमन, हातात चहाचा पेला घेऊन पाठमोरे उभे होते. साचा पत्र्यावर बसला की ठण्ण वाजतं. हा ठोका ठण्ण वाजला नाही. ते वळले तेव्हा साचा पुन्हा वर गेलेला होता, आणि दुर्गा अहिरवार आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. ओरडत नव्हती हो! तोच तर सगळ्यांच्या छातीत धस्स करणारा प्रकार. नुसती बघत होती, पोळी तव्यावर विसरलेल्या बाईनं बघावं तसं. मग शेजारच्या प्रेसवरची सरला किंचाळली आणि सबंध शेड त्या दिशेला धावली.

यज्ञेश्वरांनी मुख्य खटका पाडला. डोक्याला बांधलेलं उपरणं सोडून त्यांनी दुर्गाच्या मनगटाला आवळलं. "पंडितजी, मोरी चूरी," असं काहीतरी ती पुटपुटली. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या होत्या आणि तिला त्याचंच वाईट वाटत होतं. जीपमध्ये तिला घालून सरला आणि दोघे जण दवाखान्यात घेऊन गेले. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

ही गोष्ट ब्याण्णव सालची, झाशीतली. बिजौलीच्या अंगाला जे कारखाने आहेत त्यांतलाच हा एक, स्टीलच्या डब्यांची झाकणं काढणारा. लग्नसराई तोंडावर आलेली, म्हणजे झाशीपासून गरौठ्यापर्यंत ज्या घरात मुलगी उपवर त्या घरात डबे हवेत. दुर्गा टहरौलीची. नवरा बेतव्याच्या पुलाच्या कामावर गेला तो परतलाच नाही, म्हणून ही आईला घेऊन शहरात आलेली. काम चोख, तोंड बंद. असलं माणूस मिळालं की कारखानदाराला देव भेटल्यासारखं होतं, आणि मग देवाला जसं गृहीत धरतात तसंच त्यालाही धरतात.

आता प्रेस कशी चालते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रेसला दोन बटणं असतात, हातभर अंतरावर. एक डाव्या हातानं, एक उजव्या हातानं, दोन्ही एकदम दाबायची. तरच साचा खाली येतो. का? तर दोन्ही हात बटणांवर असले की साच्याखाली जायला तिसरा हात माणसाकडे नसतो. इतकी साधी, इतकी शहाणी युक्ती. फक्त तिच्यात एक गोम आहे. दोन बटणांनी काम हळू होतं.

तीन नंबरचं डावं बटण मात्र दोन महिने दाबलेलंच होतं. त्याच्याभोवती लाल धागा आवळलेला होता, विश्वकर्मा पूजेचा. आणि तो बांधणारे हात खुद्द यज्ञेश्वरांचे.

त्याचं असं झालं. पाध्ये घराणं पिढ्यान्‌पिढ्या उपाध्येपण करणारं. आजोबांनी झाशीतल्या मराठी घरांच्या मुंजी लावल्या, आणि नातू फोरमन झाला तरी भटपण काही सुटलं नाही. दर सप्टेंबरात विश्वकर्म्याची पूजा कारखान्यात यज्ञेश्वरच सांगायचे. यंत्रं धुवायची, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, प्रत्येक यंत्राला लाल धागा बांधायचा. यंदा तीन नंबरशी आले तेव्हा मॅनेजर गजानन देवस्थळी मागून म्हणाले, "यज्ञेश्वरराव, इथं धागा जरा डाव्या बटणावरून घ्या. घट्ट. चार वेढे."

यज्ञेश्वरांनी वळून बघितलं. गजानन हसत होते. प्रसादाचा लाडू हातात, कपाळाला टिळा. मागे सगळे मजूर हात जोडून उभे. यज्ञेश्वरांना कळलं नाही असं नाही. पण पूजेत मध्येच वाद काय घालायचा, म्हणून त्यांनी चार वेढे घेतले आणि मंत्र म्हणत गाठ मारली. दुसऱ्या दिवशी तो धागा कुणी कापला नाही. पूजेचा धागा पुढल्या पूजेपर्यंत तोडायचा नसतो, हे बुंदेलखंडातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. आठवड्याभरात तीन नंबर एका हातावर पळू लागली. उजव्या हातानं बटण, डाव्या हातानं पत्रा सरकवायचा आणि झाकण काढायचं.

दुर्घटनेच्या दुपारी गजाननांनी यज्ञेश्वरांना केबिनमध्ये बोलावलं. पंखा चालू होता तरी त्यांच्या कपाळावर घाम.

"बसा. पाणी घ्या. भयंकर झालं हो. मला तर जेवण जाईना."

यज्ञेश्वर बसले. पाणी घेतलं नाही.

"कारखाना निरीक्षकांना कळवलंय. कळवावंच लागतं. उद्या मिश्रा मॅडम येतील. जबाब होतील." गजाननांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "हा तुमचा. वाचून सही करा."

कागद हिंदीत होता. कामगार दुर्गादेवी हिने सक्त मनाई असताना सुरक्षा-बटण स्वतः दोऱ्याने बांधून निकामी केले, असं त्यात होतं. यज्ञेश्वरांनी तो दोनदा वाचला. आपण काय वाचतोय यावर त्यांचा विश्वास बसेना.

"गजाननजी, धागा मी बांधला. तुम्ही सांगितलंत."

"कुठला धागा?" गजानन शांतपणे म्हणाले. "आता तिथं धागा नाही. मी स्वतः कापला. पूजेचा धागा रक्तानं बाटला, तो ठेवायचा थोडाच?"

सकाळी सात वाजता ज्यांच्याबरोबर गणेश मंदिरात आरती म्हटली, संक्रांतीला ज्यांच्या घरी तिळगूळ घेतला, तोच हा माणूस! म्हणतात ना, आपला तो बाब्या. इथं तर बाब्या म्हणजे कारखान्याचे मालक सेठजी होते, आणि दुसऱ्याचं कार्टं म्हणजे दुर्गा.

"ऐका माझं," गजानन मराठीतच पण हळू आवाजात बोलू लागले. "मजुरानं जाणूनबुजून सुरक्षा मोडली असेल तर कायदा मालकाच्या गळ्यात भरपाई घालत नाही. नाहीतर सेठजींवर खटला, माझ्यावर खटला. आणि तुम्ही धागा बांधला म्हणालात तर पहिली मान तुमची. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत. आपण दोघं आपल्यातलेच. मी तुमच्यासाठीच सांगतोय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि संन्याशाच्या हाताची चार बोटं आधीच गेलेली!

यज्ञेश्वर कागद घेऊन घरी आले. जेवायला वाढलं तर घास हातातच राहिला. पत्नी शारदाबाईंनी कागद उचलून चष्मा न लावताच डोळ्यांजवळ धरला. झाशीत जन्मलेल्या, हिंदीतच शिकलेल्या. वाचायला वेळ लागला नाही.

"हे खरं आहे?"

"नाही."

"मग सहीचा प्रश्न कुठं आला?"

"धागा मी बांधलाय, शारदा."

त्यांनी फुलपात्र घासत तिथल्या तिथं फिरवलं. मग म्हणाल्या, "ती बाई तुम्हाला पंडितजी म्हणते ना? मग तिचा तुमच्यावर विश्वास असेल. तुमचं काय ते तुम्ही बघा. मी सही करा म्हणणार नाही, आणि नोकरी गेली तर रडणारही नाही. थोडी रडेन."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मिश्रा मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. चहा नको म्हणाल्या, हार नको म्हणाल्या, आणि थेट तीन नंबरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी धुऊन पुसून यंत्र लख्ख केलं होतं. डाव्या बटणावर धाग्याचा मागमूस नव्हता. दोन्ही बटणं कशी साळसूद दिसत होती.

मॅडमनी आधी प्रेसकडे बघितलंच नाही. भिंतीवरच्या फळ्याकडे बघितलं. खडूनं लिहिलेलं होतं: प्रेस एक, नऊशे. प्रेस दोन, नऊशे. प्रेस तीन, चौदाशे. प्रेस चार, नऊशे.

"ही पाळीची उद्दिष्टं का?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"जी, मॅडम," गजानन म्हणाले. "तीन नंबरवरची बाई फार तरबेज होती."

"चारही प्रेस सारख्याच?"

"सारख्याच."

मॅडमनी हातातलं घड्याळ सोडवलं आणि सरलाला चार नंबरवर बसवलं. "दोन्ही हात बटणांवर. रोज करतेस तसं कर." सरलानं दहा झाकणं काढली. मग आणखी दहा. मॅडमनी वहीत काहीतरी मांडलं. "आठ तास न थांबता, ना पाणी ना शौच, तरी साडेनऊशेच्या वर जात नाही. मग चौदाशे कुणी लिहिलं? खडू कुणाच्या हातात होता?"

गजाननांच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस मोठा तयारीचा. "तेच तर म्हणतोय मॅडम. तिनंच जास्त माल काढायच्या हव्यासानं बटण बांधून ठेवलं. आम्हाला काल कळलं. फोरमन साहेबांचा जबाब आहे." आणि ते यज्ञेश्वरांकडे वळले. "द्या ना, यज्ञेश्वरराव."

शेडमधला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होता. कागद खिशात होता, सही नव्हती. यज्ञेश्वरांच्या कानात नुसता गुंऽऽ आवाज होत होता.

"मॅडम, तिनं नाही बांधलं," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "मी बांधलं. पूजेच्या धाग्यानं. पूजेच्या दिवशी, सगळ्यांसमोर. मॅनेजर साहेबांनी सांगितलं, मी बांधलं. तिचा हात माझ्यामुळे गेला. काय करायचं ते माझं करा."

सरला हमसाहमशी रडू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "हओ, हम सब ने देखो तो." आणि मग आम्ही पाहिलं म्हणणारे एकाचे चार झाले. गजानन पांढरेफटक पडले.

यज्ञेश्वरांना वाटलं, संपलं. सगळ्यात अवघड होतं ते बोलून झालं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचा किंचित अभिमानही वाटला. माणूस विचित्र प्राणी आहे हो.

पण मॅडम हलल्या नाहीत. भुवई उंचावून त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"फोरमन साहेब, किती वर्षं प्रेसवर आहात?"

"अठरा."

"मग मला एक सांगा. या प्रेसमध्ये दर ठोक्यानंतर दोन्ही बटणं सोडून पुन्हा दाबावी लागतात ना? एक बटण सतत दाबलेलं राहिलं तर प्रेस अडते. बरोबर?"

यज्ञेश्वरांनी मान हलवली.

"धागा बांधला तर प्रेस बंद पडायला हवी होती. ती दोन महिने कशी चालली?" त्या प्रेसच्या बाजूच्या लोखंडी पेटीकडे वळल्या. "पॅनल उघडा."

"चावी इलेक्ट्रिशियनकडे," गजानन घाईनं म्हणाले. "तो गावी गेलाय. एरचला. सोमवारी येईल."

चावी यज्ञेश्वरांच्या जुडग्यात होती. गजाननांना ते ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. गजाननांनी मान जराशी हलवली, नाही म्हणून. विनवणीच होती ती.

यज्ञेश्वरांच्या पायाखालची जमीन तेव्हा खरी सरकली. धाग्याचं कबूल करताना त्यांना वाटलं होतं, पापाचा तळ गाठला. तळ अजून खालीच होता, आणि तो त्यांना काल, परवा, सहा महिने ठाऊक होता. फक्त तिकडे बघितलं नव्हतं. त्यांनी जुडगा काढला आणि पेटी उघडली.

आत जिथं दोन्ही बटणं सुटली की नाही हे बघणारा बोटभर लांबीचा रिले असायला हवा तिथं रिकामी जागा होती, आणि तिच्या दोन टोकांना जोडणारी एक पिवळी वायर. मॅडमनी तिला हात लावला नाही. फोटो काढायला सांगितला.

"कधी जळला?"

"मे महिन्यात."

"कुणाला सांगितलं?"

"मॅनेजर साहेबांना. रजिस्टरात लिहिलंय. नवा कानपूरहून मागवायचा होता. येईपर्यंत तात्पुरती वायर टाका म्हणाले."

"तात्पुरती," मॅडम म्हणाल्या. "सहा महिने." मग त्या गजाननांकडे वळल्या, आणि आवाज चढवला नाही, पण शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. "मजूर घाई करणार, मजूर दमणार, मजूर चुकणार. ती माणसं आहेत. हे धरूनच यंत्र ठेवायचं, कामाची पद्धत बसवायची, उद्दिष्ट ठरवायचं आणि लक्ष ठेवायचं. ते मालकाचं काम आहे, मजुराचं नाही. धाग्याच्या चार वेढ्यांनी मोडते ती सुरक्षा नसते, देवस्थळीजी. आणि इथं तर धागा बांधायच्या चार महिने आधीच तुम्ही ती काढून टाकली होती. वर चौदाशेचा आकडा लिहून तिला हात आत घालायला लावलं." त्यांनी वहीतलं पान फाडलं. "ही प्रेस आत्तापासून बंद. माझ्या लेखी परवानगीशिवाय चालणार नाही. बाकीची तीनही पॅनल उघडून दाखवा. जबाब, रजिस्टर आणि मालकांचा पत्ता, सगळं आजच हवं."

गजानन खुर्ची शोधत मागे सरकले. यज्ञेश्वरांना त्यांची कीव आली नाही. राग मात्र आला, आणि तो कुणाचा ते त्यांना नीट सांगता येईना.

"एक शेवटचं, फोरमन साहेब," मॅडम म्हणाल्या. "वायर टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ही प्रेस कुणी चालू केली?"

"मी."

"प्रेसवर कोण होतं?"

"दुर्गा."

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्यांनी मान वर करून बघितलंही नाही, आणि यज्ञेश्वरांना ते सगळ्यात जास्त लागलं.

दुपारी ते दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट. दुर्गाचा डावा हात पांढऱ्या बँडेजमध्ये, उशीवर टेकवलेला. तिची आई स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. यज्ञेश्वरांना बघून दुर्गानं पदर सावरायचा प्रयत्न केला, डाव्या हातानं. मग उजव्यानं सावरला.

"पंडितजी," ती हसली. खरंच हसली! "आई उगाच रडते. बोटं आहेत माझी. आत हलतायत. मला कळतंय ना. खाज सुटलीय करंगळीला."

यज्ञेश्वरांनी आईकडे बघितलं. म्हातारी जागी झाली होती आणि जमिनीकडे बघत होती. कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले घरचे सांगतील, घरचे म्हणाले डॉक्टर सांगतील.

"तुम्ही खोटं बोलत नाही," दुर्गा म्हणाली. "तुम्ही सांगा. आहेत ना?"

सकाळी एवढ्या माणसांसमोर बोलले होते. आता समोर एकच बाई होती.

"नाहीत, दुर्गा. चार गेली."

ती बँडेजकडे बघत राहिली. काल प्रेससमोर बघत होती तशीच. यज्ञेश्वरांना ते बघवेना, म्हणून ते बोलत सुटले. निरीक्षक बाई आल्या, प्रेसला टाळं लागलं, तुझा दोष नाही हे कागदावर आलं, तुला भरपाई मिळेल, मी जबाब दिला, मी सगळं खरं सांगितलं. धागा मी बांधला तेही. आतला रिले मे महिन्यातच जळला होता तेही.

"मई में?" दुर्गानं त्यांना थांबवलं.

"हो."

"तुमें पतो हतो?"

"ठाऊक होतं."

तिनं मनात महिने मोजले असावेत. ओठ हलले. मे, जून, जुलै, आणि पूजेपासून रोजची चौदाशे झाकणं. ज्या माणसाचा धागा तिनं कापला नाही, पूजेचा म्हणून, तो समोर बसला होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर यज्ञेश्वरांनी त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या.

"आज सबको बताई," ती हळूच म्हणाली. "मोय काए नईं बताई?"

तिलाच का सांगितलं नाही, हे सांगायला यज्ञेश्वर पुढे सरकले. दुर्गानं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि तिच्या आईनं त्यांना उठून जायला सांगितलं.